शुक्र-मंगळ युती पत्रिकेत दिसली की आधी काय बघायचं: नवीन शिकणाऱ्यांसाठी

पत्रिका शिकायला लागलं की पहिल्या दोन-तीन महिन्यांत प्रत्येकाला एक शोध लागतो, तो म्हणजे शुक्र-मंगळ युती. एकाच घरात ‘शु’ आणि ‘मं’ दिसले रे दिसले की लगेच डोळे मोठे होतात, अरे बापरे, हा माणूस तर रंगेल असणार. मीही तेच करायचे. ठाण्यात पाचपाखाडीत राहते, नोकरी सांभाळून रविवारी सकाळी ओळखीतल्यांच्या पत्रिका बघते, पंधरा-सोळा वर्षं झाली, आणि या एका युतीवर जितकी चुकीची वाक्यं मी लोकांच्या तोंडून ऐकलीयत (काही माझ्याही तोंडून निघालीयत) तितकी साडेसातीवरपण नसतील.

म्हणून ही युती मी कशी बघते ते क्रमाने सांगते आणि सोबत एक पत्रिका घेते, म्हणजे हवेत बोलणं होणार नाही. पत्रिका एका मुलाची आहे, कोपरखैरण्याचा, जन्म जून १९९१ चा, रात्री एकच्या सुमारास. तारीख देत नाही, ओळख पटायला नको. लग्न ठरत होतं आणि मुलीच्या मावशीला कोणीतरी सांगितलं की याला शुक्र-मंगळ आहे, हा एका बाईवर थांबणारा नाही. झालं, बोलणी अडली. मग तो स्वतःच ट्रान्स हार्बर पकडून ठाण्याला आला, हातात प्रिंटआउट.

पत्रिका अशी: मीन लग्न. पाचव्या स्थानात कर्क राशीत शुक्र, मंगळ आणि गुरू. समोर अकराव्यात मकरेचा शनी. नवव्यात वृश्चिकेचा चंद्र, अनुराधा नक्षत्र. चौथ्यात मिथुनेत रवी, बुध, केतू आणि दहाव्यात धनूचा राहू. कागदावर मांडून घ्या, पुढे लागेल.

पहिली पायरी, युती खरी आहे का

हसू नका, अर्ध्या वेळा इथेच गडबड असते. आधी अ‍ॅपचं सेटिंग बघा. अयनांश लाहिरी, म्हणजे चित्रापक्षीय, आहे ना? परदेशी अ‍ॅप असेल तर ते सायन गणित करतं आणि सगळे ग्रह साधारण २४ अंश पुढे दाखवतं, मग कर्केतला शुक्र सिंहेत दिसतो आणि आपण भलत्याच राशीवर प्रवचन देत बसतो. सुरुवातीला मी एका मैत्रिणीची अख्खी पत्रिका अशी चुकीची वाचली होती, तिने बिचारीने वहीत लिहूनपण घेतलं होतं! जन्मगाव मात्र ऐरोली, वाशी, ठाणे यातलं काही यादीत सापडलं नाही तर मुंबई टाकलं तरी फारसं बिघडत नाही, रेखांशाचा फरक इतका कमी आहे की वेळेत मिनिटाभराचाही फरक पडत नाही. जन्मवेळ मात्र नीट विचारा, हॉस्पिटलच्या कागदावरची असेल तर उत्तम.

मग अंश बघा. नुसतं ‘एका घरात’ याला काही अर्थ नाही. शुक्र २ अंशावर आणि मंगळ २८ वर असेल तर ते एका घरातले भाडेकरू आहेत, जिन्यात भेटले तर भेटले. माझा हिशोब असा, पाच-सहा अंशांच्या आत असतील तर युती जोरात बोलते, दहा-बाराच्या पुढे गेली की मी तिला फार भाव देत नाही. एका अंशाच्या आत आले तर त्याला ग्रहयुद्ध म्हणतात, तिथे एक हरतो आणि एक जिंकतो. जुना नियम आहे की शुक्र बहुतेक वेळा जिंकलेलाच धरायचा.

जाता जाता रवीपण बघून ठेवा. शुक्र रवीच्या १० अंशांच्या आत आणि मंगळ १७ च्या आत असेल तर ते अस्तंगत, मग युतीची आग बाहेर दिसत नाही, आतल्या आत धुमसते.

आपल्या मुलाचे अंश: मंगळ कर्केत २४ अंश १० कला, शुक्र २४ अंश ४५ कला. अंतर फक्त ३५ कला. म्हणजे ग्रहयुद्ध, आणि रवी मिथुनेत लांब आहे त्यामुळे अस्ताचा प्रश्न नाही. युती खरी, चांगली घट्ट.

आता इथे एक गोष्ट सांगते जी मी त्या मावशींनाही सांगितली. १९९१ च्या जून महिन्यात जवळपास महिनाभर शुक्र, मंगळ आणि गुरू तिघंही कर्केतच होते. संध्याकाळी पश्चिमेला तिघं एकत्र दिसायचे, अर्थात आपल्याकडे तेव्हा पावसाळा, ठाण्यात ढगांतून कोणाला काय दिसलं असणार. मुद्दा असा की त्या महिन्यात जिल्ह्यातल्या सगळ्या हॉस्पिटलांत जन्मलेल्या सगळ्या बाळांना ही ‘युती’ आहे. ती सगळी बाहेरख्याली निघाली का? एकेकाचं वेगळेपण लग्न, चंद्र आणि स्थानांतून येतं, ते न बघता फक्त युतीवर बोलणं म्हणजे आडनाव ऐकून माणसाचा स्वभाव सांगणं.

दुसरी पायरी, दोघांत कोणाची चालते

शुक्र आणि मंगळ एकमेकांचे नैसर्गिक शत्रू नाहीत हे आधी डोक्यात बसवा, दोघं एकमेकांना सम आहेत. पण एकाच राशीत बसले की तात्कालिक मैत्रीच्या नियमाने शत्रू होतात. म्हणून या युतीत ओढ आणि खटका दोन्ही एकत्रच येतात. शुक्राला हवंहवंसं वाटतं, मंगळाला ते आत्ता, ताबडतोब हवं असतं. वासना, ओढ, धडाडी, नटण्याची हौस, भांडून गोड होण्याची सवय, हे सगळं त्यातूनच.

मग राशी ठरवते की स्टेअरिंग कोणाकडे. वृषभ किंवा तुळेत शुक्र घरचा, मीनेत उच्चीचा, तिथे शुक्राची चालते, माणूस प्रेमात रसिक आणि मनधरणी करणारा. मेष, वृश्चिकेत मंगळ घरचा, मकरेत उच्चीचा, तिथे पुढाकार मोठा आणि नकार पचत नाही. कन्येत शुक्र नीच, तो प्रेमातही चुका मोजत बसतो. आणि कर्केत मंगळ नीच.

नीच मंगळ म्हणजे दुबळा माणूस असं समजू नका, नवीन मंडळी हीच चूक करतात. कर्केतल्या मंगळाला राग येतो पण तो सरळ बोलून दाखवता येत नाही, मग तो रुसतो, अबोला धरतो, जेवण टाळतो. आपल्या पत्रिकेत तर तो नीचही आहे आणि ग्रहयुद्धात शुक्राकडून हरलेलाही आहे. म्हणजे ओढ वर, राग खाली दाबलेला. जागा पाचवी, प्रेमाची आणि मन गुंतण्याची. आणि मीन लग्नाला शुक्र अष्टमेश, म्हणून प्रेमात थोडं लपवाछपवीचं अंग येतं, घरी कळू न देणं वगैरे. उत्कटता आहे का? आहे, भरपूर. या प्रश्नावर मला दोन मिनिटंही लागली नाहीत.

तिसरी पायरी, मत्सर

इथे जरा थांबून वाचा, कारण पुस्तकांत बऱ्याचदा युती आली की लगेच ‘संशयी’ लिहून टाकतात. मला ते पटत नाही. मंगळ चिडतो, आदळआपट करतो आणि अर्ध्या तासात विसरतो. मत्सर वेगळा असतो, त्यात हातातलं जाईल याची भीती असते आणि भीती हे चंद्राचं खातं आहे. त्यामुळे मत्सराचा प्रश्न आला की मी युतीकडून नजर काढून सरळ चंद्राकडे जाते आणि बघते की चंद्राचा या मंगळाशी काही संबंध लागतो का. म्हणजे चंद्र मंगळाच्या राशीत आहे का, मंगळाची चौथी, सातवी किंवा आठवी दृष्टी चंद्रावर येते का, दोघं एकत्र आहेत का. संबंध नसेल तर तापट म्हणा, मत्सरी म्हणू नका. संबंध असेल आणि वर शनी किंवा राहूचाही हात असेल तर संशय मुरतो, वर्षानुवर्षं जात नाही.

आता या मुलाचं बघा. चंद्र वृश्चिकेत, म्हणजे नीच, आणि मंगळाच्या घरात. मंगळ कर्केत, म्हणजे नीच, आणि चंद्राच्या घरात. दोघांनी घरं बदललीयत, परिवर्तन. दोघंही आपापल्या नीच राशीत आणि एकमेकांच्या चाव्या खिशात. मत्सराची याहून सरळ सही मी क्वचितच बघितलीय. मन दुखावलं की राग, राग आला की मन दुखावतं, गोल गोल. नक्षत्र अनुराधा, त्याचा स्वामी शनी, म्हणजे जीव लावतो तो मनापासून आणि सोडत नाही, पण धरून ठेवणंही तितकंच.

मी हे कागदावर बघत होते तेव्हाचीच गोष्ट. तो समोर सोफ्यावर, चहा तसाच, साय धरलेली, फोन टीपॉयवर उलटा ठेवलेला. दर दोन-तीन मिनिटांनी उचलायचा, बघायचा, परत उलटा. मी विचारलं काही अर्जंट आहे का. म्हणाला नाही हो ताई, हिचं लास्ट सीन ११:४० दाखवतंय आणि मला म्हणाली होती ११ ला आंघोळीला जाते. मी पेन खाली ठेवलं.

पण एक चांगली बाजूपण इथेच आहे, ती सोडून चालणार नाही. कर्केत गुरू उच्चीचा आहे आणि त्याची पाचवी दृष्टी बरोबर वृश्चिकेतल्या चंद्रावर पडते, नववी लग्नावर. त्यामुळे सांगितलेलं ऐकतो, चूक कळल्यावर ओशाळतो. मी म्हटलं अरे, चाळीस मिनिटं केस वाळवायला लागतात मुलीला, तर कानापर्यंत लाल झाला आणि फोन खिशात घातला. हा गुरू नसता तर माझ्याशीच वाद घातला असता.

चौथी पायरी, अनेक ठिकाणी मन गुंतणं

आता मूळ आरोप. वराहमिहिराने बृहज्जातकात मंगळ-शुक्र एकत्र असल्याचं फळ अर्ध्या ओळीत दिलंय: गोप, मल्ल, दक्ष, परयुवतिरत, द्यूतकृत्. गुराखी किंवा गुरांचा धनी, पैलवान, कामात हुशार, परस्त्रीत रमणारा, जुगारी. पाच शब्द. लोकांना चौथाच पाठ! कोणीतरी सांगितलंय का कधी मुलीच्या मावशीला की मुलगा पैलवान होईल? शरीराची ताकद, हाताचं कौशल्य, धोका पत्करणं आणि ओढ, असा तो गठ्ठा आहे, त्यातलं एक उचलून माणसावर शिक्का मारता येत नाही.

मी या प्रश्नाला वेगळे पुरावे मागते, युती सोडून किमान तीन. पहिला, राहू शुक्राबरोबर किंवा अगदी शुक्राच्या दृष्टिपथात आहे का, कारण ‘आणखी हवं’ ही भूक राहूची. दुसरा, सातव्या स्थानात द्विस्वभाव रास (मिथुन, कन्या, धनू, मीन) आणि सप्तमेश बिघडलेला, हे दोन्ही एकत्र आहे का. तिसरा, बारावं किंवा अकरावं स्थान पाचव्या-सातव्यात अशा रीतीने मिसळलंय का की त्यावर शनी-गुरूचा कसलाच लगाम नाही. चौथा, नवमांशात शुक्र-मंगळ परत एकत्र येऊन चर राशीत किंवा बुधाच्या राशीत बसलेत का. तीन जमले तर मी बोलते, आणि तेही ज्याची पत्रिका त्याच्याशीच. दोन असतील तर गप्प बसते. एक असेल तर विषयच काढत नाही.

नवमांश काढणं सोपं आहे, घाबरू नका. ३० अंशांचे ९ भाग, प्रत्येक ३ अंश २० कलांचा. कर्केत मोजणी कर्केपासूनच सुरू होते. २३ अंश २० कला ते २६ अंश ४० कला हा आठवा भाग, कर्केपासून आठवी कुंभ. आपले दोघंही त्यातच, म्हणजे नवमांशातही युती टिकली, पण कुंभेत, जी स्थिर रास आहे आणि शनीची आहे. चर नाही, बुधाची नाही. चौथा पुरावा बाद.

राहू धनूत, शुक्रापासून लांब. पहिला बाद. तिसरा बघा, अकराव्या आणि बाराव्याचा स्वामी शनी, तो पाचव्या स्थानाकडे बघतोय, म्हणजे मिसळण आहे. पण तो मकरेत स्वगृही बसून बघतोय, आणि शुक्राजवळ उच्चीचा गुरू. लगाम दोन बाजूंनी. बाद.

दुसरा मात्र लागतो, आणि तो लपवायचा नाही. सातव्यात कन्या, द्विस्वभाव. स्वामी बुध मिथुनेत, तीही द्विस्वभाव, रवीजवळ आणि केतूबरोबर. बुध स्वगृही आहे म्हणून पार बिघडला असं नाही म्हणता येत, पण डळमळ आहे. एकच पुरावा, आणि तोही पाऊण. याचा अर्थ मी असा लावते की नाती एकापेक्षा जास्त झाली असतील पण एकामागून एक, एका वेळी दोन नाहीत. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि पत्रिका बघणारे तो सरसकट पुसून टाकतात.

मी विचारलं. आधी दोन झाली, म्हणाला. एक कॉलेजातलं, एक ऑफिसातलं. दुसरी का तुटली विचारल्यावर बराच वेळ सायीकडे बघत बसला, मग म्हणाला मी तिचा फोन बघायचो. तिला कोणी दुसरा होता का? नव्हता. तुला? मलाही नव्हती.

म्हणजे मावशींना भलत्याच दाराची राखण करायला लावलं होतं. बाहेर जाण्याचा धोका नव्हता, घरात बसून शंका घेण्याचा होता.

मुलीची पत्रिका असेल तरी पायऱ्या याच, फक्त तिथे नवऱ्यासाठी गुरूही बघा. आणि एक निरीक्षण, तेच योग मुलाच्या पत्रिकेत ‘रसिक’ होतात आणि मुलीच्या पत्रिकेत ‘लफडेबाज’. ग्रह तेच असतात, बघणारा बदलतो. त्या वाक्याने माझ्या समोर दोन ठरलेली लग्नं मोडलीयत म्हणून राग येतो.

पाचवी पायरी, कधी

युती जन्मभर असते पण बोलते दशेत. शुक्र किंवा मंगळाची महादशा, नाहीतर एकात दुसऱ्याची अंतर्दशा, तेव्हा जोर. अनुराधा नक्षत्र म्हणून याची सुरुवात शनीच्या महादशेत, जन्मावेळी साधारण अर्धी उरलेली. मग बुधाची १७ वर्षं, केतूची ७, आणि आता चौतिसाव्या वर्षाच्या आसपास शुक्राची २० वर्षांची सुरू झालीय. पहिली ३ वर्षं ४ महिने शुक्रातच शुक्र. म्हणजे लग्नाचा योग याच वेळी येणं अगदी साहजिक, आणि संशयाचा त्रासही याच वेळी वर येणार. केतूच्या ७ वर्षांत एकटाच होता, ते त्याने स्वतःच सांगितलं, त्यामुळे जन्मवेळेवर माझा विश्वास बसला. तुम्हीही असं मागचं एक-दोन घडलेलं जुळवून बघा, जुळत नसेल तर वेळ चुकलीय, पुढचं सांगू नका.

निघताना त्याने रत्नाचं विचारलं, एका दुकानात हिरा आणि पोवळं एकाच अंगठीत घालायला सांगितलं होतं, आकडा ऐकून मलाच घाम फुटला. म्हटलं जे दोन आधीच एकमेकांच्या अंगावर बसलेत त्यांना आणखी खायला कशाला घालतोस, पैसे ठेव हॉलसाठी. आणि त्या मुलीला आज संध्याकाळी भेटून ऑफिसातलं नातं का तुटलं ते तुझ्याच तोंडाने सांग, मावशीने शोधून काढायच्या आत. चहा गार झालेला त्याने तसाच एका घोटात संपवला आणि स्टेशनला गेला. रात्री नऊला मेसेज आला, ‘सांगितलं. चिडली. पण उद्या परत भेटतोय.’